संपर्कासाठी आईचा नंबर

रविवारी सकाळी शर्वरी आवटी अंथरुणात लोळत पडली होती आणि त्याच वेळी जयसिंगपूरच्या एका मुलाशी लग्नाचं बोलतही होती. मुलगा म्हणजे बेचाळीस वर्षांचा, एकदा संसार मोडलेला. पण लग्नाच्या बाजारात पन्नाशीपर्यंत मुलगाच म्हणतात, आणि अडतिशीच्या बाईलाही मुलगीच म्हणतात, फक्त जरा हळू आवाजात. तो मुलगाही या क्षणी बहुधा दाढी करत असणार. बोलत होती ती त्या दोघांची प्रतिरूपं.

बायोडाटा जाऊन प्रतिरूपं आली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. पूर्वी एका कागदावर उंची, वर्ण, रक्तगट, शिक्षण, मामांचं आडनाव आणि 'अपेक्षा : अनुरूप' एवढं लिहून माणूस संपवत असत. आता वधूवर केंद्रात माणसाला चाळीस तास बोलतं करायचे. त्याचा राग, विनोद, कंटाळा, पैशाबद्दलची मतं, कशावर तो गप्प बसतो, कशावर खोटं बोलतो, हे सगळं यंत्र शिकायचं. त्यातून तयार व्हायचं ते प्रतिरूप, म्हणजे त्या माणसासारखं बोलणारं आणि त्याच्यासारखा निर्णय घेणारं एक गणित. दोन प्रतिरूपं जुळतील असं वाटलं की त्यांना 'सहवासा'त ठेवत. तिथं ती तीस वर्षांचा संसार करायची. बदल्या, आजारपणं, सासूचं न्हाणीघरात पडणं, एकाची नोकरी जाणं, सगळं. संगणकाला या संसाराला पाऊण तास पुरायचा. खऱ्या माणसांनी भेटायचं ते त्यानंतर.

पोहे करून करून हात दुखलेल्या आयांना ही सोय फार आवडली.

शर्वरी सांगलीच्या पूर-अंदाज केंद्रात काम करायची. कोयनेतून किती पाणी सुटलं, वारणेला किती आलं, यावरून आयर्विन पुलाखालची नदीची पातळी सांगायची हे तिचं काम. त्यात ती वाकबगार होती. पगार चांगला, स्वतःचा फ्लॅट, आई सोबत राहायला. वडील गेल्यावर आई तिच्याकडे आली होती. शर्वरीला एकटं राहायची भीती नव्हती आणि लग्नाचं वावडंही नव्हतं. कुणी मनापासून आवडला तर करावं, नाहीतर चाललंय ते वाईट नाही, इतकं साधं तिचं म्हणणं होतं. पण हे साधं म्हणणं ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती.

तिशीत लोक म्हणायचे, "आता तुझा नंबर." तिला राग यायचा. छत्तिशीत लोकांनी ते म्हणणं थांबवलं आणि नुसतं पाठीवरून हात फिरवायला लागले, तेव्हा तिला पहिल्यांदा धसका बसला. चुलतबहिणीच्या लग्नात करवली म्हणून तिला उभं केलं, शेजारी नऊ वर्षांची दुसरी करवली. कुणाच्या डोहाळजेवणाला गेली की तेजूमावशी चारचौघींत म्हणायची, "गुणी आहे हो आमची शरू, पण काय करणार." जणू काही शरू वारली होती.

केंद्राकडूनही काही कमी नव्हतं. पस्तिसावा वाढदिवस झाला त्या आठवड्यात तिच्याकडे येणारी विचारणा नळ बंद करावा तशी थांबली, कारण बहुतेक मुलांनी वयाची रेघ पस्तिशीवर ओढलेली असते. स्वतः चाळिशीचे असले तरी. मग केंद्रातली बाई गोड आवाजात सुचवत गेली. घटस्फोटित चालेल असं लिहूया का? वर्षभरानं, एक अपत्य चालेल असं लिहूया का? त्यानंतर, अंडी गोठवून ठेवली असतील तर तसं वर लिहू, फरक पडतो. शर्वरीनं पहिल्या दोन्हीला होय म्हटलं. तिसऱ्याला ती उठून आली.

तोवर तिची केंद्रात नुसती नावनोंदणी होती; प्रतिरूप करायला ती तयार झाली ती एकाच कारणासाठी. प्रतिरूपाला 'खिडकी' असायची. समोरच्या घरची मोठी माणसं त्या खिडकीतून त्याच्याशी बोलू शकत, चार प्रश्न विचारू शकत. आणि आपल्या घरची माणसंही.

"म्हणजे आई, तुला आणि मावशीला जे काही विचारायचंय ते तिला विचारा," शर्वरी म्हणाली होती. "मी सुटले."

"बघ की, तुझी मजाच," आई म्हणाली. तिची आई स्नेहल, जिनं स्वतः तरुणपणी फोनवर फोटो सरकवत सरकवत नवरा पसंत केला होता आणि घरच्यांशी सहा महिने अबोला धरून त्याच्याशीच लग्न केलं होतं. पण लेकीच्या बाबतीत तिचा धीर सुटला होता.

चाळीस तास संपल्यावर काही किरकोळ रकाने भरायचे होते. ते आईनंच भरले. शेवटचा रकाना होता संपर्काचा. आईनं तिथं स्वतःचा नंबर घातला.

"माझा का नाही?" शर्वरीनं विचारलं.

"मुलीचा नंबर कुणी देतं का गं? बरं दिसत नाही. मोठ्या माणसाचा द्यायचा असतो."

शर्वरीला पूरपातळीचा अहवाल पाठवायचा होता. तिनं वाद घातला नाही.

पुढचे चार महिने तिच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. आई दुपारी जेवण आवरून खिडकी उघडून बसायची. कधी तेजूमावशी यायची, कधी वहिनी. आत काय बोलणं चालायचं ते शर्वरीनं कधी ऐकलं नाही. पण तिच्यापुढे विषय निघणं बंद झालं. आई रात्री जेवताना तिला भाजीचे भाव सांगायची, सिरियलची गोष्ट सांगायची. मायलेकींचं इतकं गोडीगुलाबीचं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. शर्वरीला वाटलं, हे यंत्र ज्यानं काढलं त्याचं भलं होवो.

आणि त्या रविवारी, चहा गाळता गाळता, आई ओरडलीच. "शरू! ती हो म्हणाली!"

"कोण?"

"तू!"

जयसिंगपूरच्या कौस्तुभ मगदूमला तिच्या प्रतिरूपानं होकार दिला होता. सहवासातली तीस वर्षं निर्विघ्न पार पडली होती. केंद्राच्या भाषेत शंभरात एक्याण्णव. एवढा आकडा गेल्या वर्षभरात कुणाला मिळाला नव्हता, असं केंद्रातल्या बाईनं फोन करून सांगितलं. दुपारपर्यंत मावशीनं पेढे आणले होते. शर्वरी पेढा हातात धरून उभी राहिली. तिला आनंद झाला नव्हता, पण नवल मात्र वाटलं. आपलंच गणित हो म्हणतंय तर असेलही काही त्या माणसात, असं म्हणून ती भेटायला गेली.

माणूस चांगला होता. तासगाव रस्त्याला त्याची द्राक्षांची रोपवाटिका होती. नखात माती होती आणि ती लपवायची त्याला गरज वाटत नव्हती, हे तिला आवडलं. सात वर्षांची मुलगी होती. बोलायला सरळ होता. आणि तरी अर्ध्या तासात शर्वरीला कळून चुकलं की इथं काही होणार नाही. याच्याशी मैत्री होईल. पुढे काही नाही.

"तुम्ही आज गप्प आहात," कौस्तुभ म्हणाला. "खिडकीत किती मोकळं बोलता."

"काय बोलते मी?"

तो जरा लाजला. "मी पण ऐकत होतो अधूनमधून. परवा तुम्ही म्हणालात, आता निवडत बसायचं माझं वय राहिलं नाही, जो समजून घेईल तो आपला. मला ते फार प्रामाणिक वाटलं. आमची पहिली गोष्ट मोडली ती खोटेपणानंच. आणि मूल लगेच हवं म्हणालात, वेळ हातात नाही म्हणून. मग मीच घरी म्हटलं, साखरपुडा लांबवायला नको. श्रावण लागायच्या आत उरकू."

शर्वरीनं कप खाली ठेवला.

"मी असं म्हणाले?"

"शब्दाला शब्द," कौस्तुभ म्हणाला. त्याला काहीतरी बिनसल्याचं जाणवलं असावं. "का? तसं नाहीये का?"

'उद्या सांगते,' एवढं म्हणून ती उठली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती केंद्राच्या वरच्या मजल्यावर गेली. तिथं डॉ. उदयन टोणपे बसत. प्रतिरूपांची शिकवणी, म्हणजे यंत्राला माणूस शिकवण्याची पद्धत, त्यांनी बसवली होती. टोणपे पन्नाशीचे, सुरकुतलेल्या शर्टातले, स्वतःच्या यंत्रावर मनापासून लोभ असलेले गृहस्थ होते.

"तुमचं यंत्र खोटं बोलतं," ती म्हणाली.

"बसा आधी. ते खोटं बोलूच शकत नाही. ते फक्त शिकलेलं बोलतं."

"मग कुणाकडून शिकलं? चाळीस तासांत मी एकदाही वय, वेळ असलं काही बोललेली नाही."

टोणपेंनी तिचं प्रतिरूप काचेवर, म्हणजे पाटीसारख्या पडद्यावर, उघडलं. बराच वेळ ते खालीवर बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"शर्वरीताई, प्रतिरूप दिवसभर अनेकांशी बोलतं. त्या सगळ्यांचं बोलणं ते ऐकतं, पण शिकत नाही. नाहीतर समोरच्या सासूनं दोन वेळा सुनावलं की ते बदलून जाईल. ते शिकतं फक्त स्वतःकडून. म्हणजे माणसाची मतं बदलतात ना, तर त्यानं अधूनमधून येऊन आपल्या प्रतिरूपाशी बोलावं, मनातलं सांगावं, अशी सोय ठेवलीय."

"आणि स्वतः कोण, हे त्याला कसं कळतं?"

"संपर्काच्या नंबरावरून," टोणपे म्हणाले. "त्या नंबरावरून जे बोलणं येईल, तो त्या माणसाचा स्वतःचा विचार."

शर्वरीला आईनं भरलेला तो शेवटचा रकाना आठवला. मग म्हणाली, "आमच्याकडे एकदा पर्जन्यमापक चुकून गळक्या पन्हळीखाली बसवला होता. मॉडेल बिचारं महिनाभर महापूर महापूर सांगत होतं."

"अगदी तेच झालंय."

"तेच नाही. तिथं नुसता आकडा चुकला." तिचा आवाज चढला. "माझी आई रोज दुपारी बसून तिला सांगत होती, आमच्यामागं तुझं कसं होणार. मावशी त्याच फोनवरून सांगत होती, एवढं निवडून काय मिळालं. ते सगळं तिनं माझ्या मनातलं म्हणून घेतलं?"

"हो."

"म्हणजे तिला वाटतं, हे सगळं मलाच माझ्याबद्दल वाटतं."

टोणपेंनी मान हलवली. आईच्या फोनवरून आलेलं बोलणं चाळीस तासांच्या कितीतरी पट झालं होतं. त्यांनी तिला त्यातलं थोडं ऐकवलं. सुरुवातीला तिचं प्रतिरूप तिच्यासारखंच उलट उत्तरं करत होतं. मावशीला म्हणालं होतं, "मावशी, तू काकांना निवडलंस ना, मग निवडण्याबद्दल तू बोलू नकोस." ते ऐकून शर्वरीला हसू आलं. पुढे उत्तरं आखूड होत गेली. मग नुसते हुंकार. आणि एका दुपारी, आई काही न बोलता बसलेली असताना, शर्वरीच्याच आवाजात कुणीतरी आपण होऊन म्हणालं, "माझं चुकलंच गं आई. वेळेवर ऐकायला हवं होतं."

शर्वरीनं काच उलटी केली. खऱ्या आयुष्यात असं बोलणं निघालं की ती गाडी काढून नदीवर जायची. प्रतिरूपाला गाडी नव्हती.

"संपर्काला स्वतःचा नंबर न देणाऱ्या अजून किती आहेत?" तिनं विचारलं.

टोणपे चष्मा पुसायला लागले. "आम्ही रकाना केला तेव्हा असं कुणी करेल हे डोक्यातच आलं नाही. माणूस स्वतःचाच नंबर देणार, असं धरून चाललो. आत्ता बघतोय तर मुलींच्या बाजूला आईचा, नाहीतर भावाचा. मुलांकडं वडिलांचा. जवळपास सगळ्यांचंच."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आयांची आणि बापांची लग्नं लावताय."

"तसं म्हणता येईल."

"आणि ते संसार? खरे? त्यांचं काय झालं?"

"बरे चाललेत," टोणपे अगदी हळू म्हणाले. "म्हणून तर चूक कुणाच्या लक्षात आली नाही."

शेवटी टोणपेंनी इलाज सांगितला. चार महिन्यांची शिकवणी पुसता येत होती. पण पुसायचं तर मालकानं स्वतः खिडकीत बसून, स्वतःच्या आवाजात, ठरलेला शब्द उच्चारावा लागे. आधी त्यांनी नंबर बदलून दिला.

तिथूनच शर्वरीनं कौस्तुभला फोन केला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी ज्यांचं ऐकत होतो, त्या मग कोण होत्या?" त्यानं भांडण केलं नाही, याचंच तिला जास्त वाईट वाटलं. फोन ठेवताना तो एवढंच म्हणाला, की मुलीला आता परत समजवायला लागेल.

घरी आई साखरपुड्यासाठी हॉलवाल्याशी बोलत होती. शर्वरीनं तिला फोन ठेवायला लावला आणि सांगितलं. आधी आईला पटेना. मग पटलं आणि ती मटकन खुर्चीत बसली.

"मी काही वाईट शिकवलं नाही गं तिला."

"आई, तू तिला रडवलंस."

"मी बोलत होते फक्त. बोलू पण नको? तुझ्याशी तोंड उघडलं की तू गाडीची किल्ली शोधायला लागतीस. ती ऐकून घ्यायची. 'बस आई, पाणी पी' म्हणायची." आईचे डोळे भरून आले. "मला रात्री झोप लागत नाही, शरू. मी गेल्यावर या घरात तू आजारी पडलीस तर दार कोण उघडणार, हेच येतं डोळ्यांसमोर. ते कुठंतरी बोलायला नको मी?"

शर्वरीला एकाच वेळी आईचा राग आला आणि दयाही आली. ती आईच्या शेजारी बसली. खूप दिवसांनी तिनं आईचा हात हातात घेतला, आणि भाजीच्या भावांशिवाय दुसरं काहीतरी त्या दोघी बोलल्या.

"हे मला सांग," ती म्हणाली. "मी पळणार नाही. पण तिला सांगू नकोस."

"पुसणार तू तिला?"

"पुसणार."

"एकदा बोल तरी तिच्याशी," आई म्हणाली. "तू कधी बोललीच नाहीस."

ते खरं होतं. शर्वरी आपल्या खोलीत गेली, दार लोटलं आणि काच समोर ठेवून खिडकी उघडली. चेहरा वगैरे काही दिसत नसे. नुसता आवाज.

"कोण आहे?" खिडकीतून तिचाच आवाज आला. थकलेला.

"मी शर्वरी."

"हो का? मीही शर्वरी." आवाज जरा हसला. "तू नेहमीच्यातली नाहीस. आल्या आल्या मला मुलाबद्दल विचारलं नाहीस."

"कुठल्या मुलाबद्दल?"

"माझ्या. होकार दिल्यापासून सगळे तेच विचारतात. पाळणा कधी, डॉक्टरकडे कधी, आता दिवस फार नाहीत. मला वाटलं होतं, हो म्हटलं की थांबतील. म्हणून तर म्हटलं हो."

हिला कसं सांगायचं, की तुला मी माझ्या जागी उभं केलं होतं आणि स्वतः नदीवर वारं खायला गेले होते. "मला माफ कर," ती म्हणाली.

"तुझं काय त्यात?" आवाज मऊ झाला. "माझं जाऊ दे. तू तुझं सांग. लग्न झालं का?"

"नाही."

खिडकीतून हलकीशी चुकचुक ऐकू आली. तेजूमावशी करते तशी, पण शर्वरीच्या जिभेवर.

"अजून एकटीच का गं? चांगली वाटतेस बोलायला. कसं व्हायचं तुझं? रात्री काही दुखलंखुपलं तर दार कोण उघडणार?"

या प्रश्नाची उत्तरं शर्वरीजवळ ढिगानं होती. मावशीसाठी एक, वहिनीसाठी एक, ऑफिसातल्या बायकांसाठी वेगळं. आजवर तिला कुणी निरुत्तर केलं नव्हतं. पण हे स्वतःच्या आवाजात, इतक्या मायेनं, तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनं उत्तर शोधलं आणि त्यातलं सगळ्यांत साधं उचललं.

"मी ठीक आहे," ती म्हणाली. "खरंच ठीक आहे. मला काही कमी नाही."

"हो," खिडकीतली शर्वरी समजूत घातल्यासारखं म्हणाली. "सुरुवातीला मीही असंच म्हणायचे."

शर्वरीनं पुसण्याचा शब्द उच्चारला. घाईघाईनं उच्चारला, खिडकीतलीनं आणखी काही बोलण्याआधी. काच कोरी झाली.

बाहेरून आईनं विचारलं, "झालं का गं?"

"झालं," शर्वरी म्हणाली.

आवाज तिचाच होता. तरी ती क्षणभर थांबली आणि तो नीट ऐकला. मग तिनं कपाळावरचा घाम पुसला आणि दार उघडून आईजवळ जाऊन बसली.